ॲलर्जीच्या सर्दीच्या गोळ्या: झोप आणणाऱ्या, झोप न आणणाऱ्या, आणि गाडी चालवणं

ॲलर्जिक रायनायटिस म्हणजे धूळ, परागकण, बुरशी असलं काही नाकात गेलं की लागोपाठ शिंका, पाण्यासारखं गळणारं नाक, नाकात नि डोळ्यांत खाज. नागपुरात पावसाळ्यानंतर रिकाम्या प्लॉटवर गाजरगवत फुलतं तेव्हा हा त्रास असणाऱ्यांची संख्या वाढते, आणि कळमन्याच्या धान्यबाजारात किंवा जिनिंगमध्ये काम करणाऱ्याला तर वर्षभर धूळ असतेच. त्रास होतो तो शरीरातल्या हिस्टामिन नावाच्या रसायनामुळे, आणि ते जिथे जाऊन चिकटतं ती एच-१ रिसेप्टरची जागा अडवणाऱ्या गोळ्या म्हणजे अँटीहिस्टामिन. नाकासाठी बहुतेक सगळ्या बऱ्यापैकी काम करतात, फरक आहे तो मेंदूत.

मेंदूतही हिस्टामिन असतं आणि तिथे त्याचं काम आपल्याला जागं, सावध ठेवायचं आहे. जुन्या गोळ्या, म्हणजे क्लोरफेनिरामिन (केमिस्टकडे सीपीएम म्हणतात), फेनिरामिन, डायफेनहायड्रामिन, प्रोमेथाझिन, हायड्रॉक्सिझिन, या रक्तातून सहज मेंदूत शिरतात आणि तिथलेही रिसेप्टर अडवतात, म्हणून सुस्ती येते. शिवाय तोंड कोरडं पडतं, जवळचं धूसर दिसतं, प्रोस्टेट वाढलेल्या म्हाताऱ्या माणसाची लघवी अडकू शकते. नव्या गोळ्यांना मेंदूच्या दारावरचा पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप बऱ्याच प्रमाणात बाहेर ढकलतो. यात सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, लोराटाडिन, डेसलोराटाडिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन येतात.

पण "नवी गोळी, झोप येत नाही" हे सगळ्यांना सारखं लागू नाही, आणि गोंधळ इथेच होतो. मेंदूचं स्कॅन करून पाहिलं तर नेहमीच्या डोसला फेक्सोफेनाडिन रिसेप्टरवर जवळजवळ बसतच नाही, सेटिरिझिन थोडं बसतं आणि क्लोरफेनिरामिनच्या नेहमीच्या एका डोसला साधारण निम्मे रिसेप्टर अडतात. सेटिरिझिनच्या अमेरिकेतल्या चाचण्यांमध्ये १० मिलिग्रॅम घेणाऱ्या सुमारे १४ टक्के लोकांना झोप आली आणि औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्या ६ टक्क्यांना आली. म्हणजे बहुतेकांना काही होत नाही, पण आपण त्या थोड्यांमध्ये आहोत का हे घेतल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडे ॲलर्जीच्या सर्दीला मॉन्टेलुकास्ट नावाचं ॲलर्जीचं दुसरं औषध आणि लेव्होसेटिरिझिन यांची जोडगोळी सर्रास लिहून दिली जाते आणि घेणाऱ्याला वाटतं ही तर नवी आहे मग काय हरकत, तर हरकत एवढीच की लेव्होसेटिरिझिन हा सेटिरिझिनचाच असर करणारा भाग आहे, त्यामुळे झोपेच्या बाबतीत तोही बिनघोर नाही. मॉन्टेलुकास्टसोबत फेक्सोफेनाडिन असलेली पट्टीही मिळते, ड्रायव्हरने डॉक्टरांना तीच चालेल का विचारावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याला झोप आलेली नाही म्हणजे गाडी नीट चालते आहे असं नाही. अमेरिकेत आयोवामध्ये ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर एक प्रयोग झाला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात ४० जणांना वेगवेगळ्या वेळी डायफेनहायड्रामिन ५० मिलिग्रॅम, फेक्सोफेनाडिन ६० मिलिग्रॅम, दारू आणि खोटी गोळी दिली. पुढच्या गाडीच्या वेगाशी जुळवून घ्यायच्या कामात डायफेनहायड्रामिन घेतलेले लोक दारू घेतलेल्यांपेक्षाही वाईट निघाले, फेक्सोफेनाडिनवाले खोट्या गोळीवाल्यांसारखेच राहिले. आणि किती झोप आल्यासारखी वाटते यावरून कोण किती वाईट चालवतोय याचा अंदाज बांधता आला नाही. नेदरलँड्समध्ये अशाच चाचण्या खऱ्या रस्त्यावर घेतात, गाडी लेनमध्ये किती डावीउजवीकडे डोलते ते मोजतात. हे डोलणं चालवणाऱ्याला बरेचदा जाणवतही नाही, शेजारी बसलेल्याला जाणवतं.

एक उदाहरण घेऊ. समजा हिंगणा एमआयडीसीतून माल घेऊन पहाटे ५ ला समृद्धी महामार्गाने निघायचंय असा ड्रायव्हर रात्री ११ ला मेडिकल स्टोअरवर जातो, "भाऊ, सर्दीची गोळी द्या न, सकाळी गाडी आहे" म्हणतो, आणि त्याला पॅरासिटामॉल, फेनिलेफ्रिन, क्लोरफेनिरामिनची मिक्स गोळी मिळते. तो विचार करतो की रात्री घेतली, झोप झाली, सकाळी उतरली असेल. पण क्लोरफेनिरामिनचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला मोठ्या माणसात साधारण २० तास किंवा त्याहून जास्त लागू शकतात, म्हणजे पहाटे ५ ला बराचसा डोस अंगात आहेच. वर रस्ता सरळ, एकसुरी, सिग्नल नाही, वळण नाही, आणि पहाटेची वेळ तशीही झोपेचीच. चहा घेऊन तरतरी येते पण मेंदूतले अडलेले रिसेप्टर चहाने सुटत नाहीत. खुणा ओळखायच्या तर त्या अशा: बाजूच्या पांढऱ्या पट्टीवर चाक जाणं, मागचे दोन-तीन किलोमीटर कसे आले ते न आठवणं, पुढच्या ट्रकचे ब्रेक लाइट दिसूनही पाय उशिरा पडणं. यातलं एकही झालं तर गाडी बाजूला सुरक्षित जागी घ्यायची आणि पुढे दुसऱ्याने चालवायची, काच उघडून, गाणी लावून भागत नाही.

हेच प्रेस मशीनवर बसणाऱ्याला, क्रेन किंवा फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याला, टॉवरवर चढणाऱ्याला लागू आहे. दारू किंवा झोपेची गोळी सोबत असेल तर असर वाढतो, सेटिरिझिनसारखी नवी गोळी असली तरी.

म्हणून गोळीच घ्यायची नाही हाही उपाय नाही, कारण ८० च्या स्पीडला लागोपाठ चार शिंका आल्या तर डोळे मिटतातच, आणि रात्रभर नाक चोंदून झोप मोडलेला माणूस दिवसा पेंगतो. पट्टीच्या मागे छापलेली नावं वाचायची. "क्लोरफेनिरामिन मॅलिएट" दिसलं की ती गाडीच्या दिवसांची गोळी नव्हे. फेक्सोफेनाडिन साधारणपणे १२० किंवा १८० मिलिग्रॅम दिवसातून एकदा देतात, किडनीचा आजार असेल तर डोस डॉक्टरांनी ठरवायचा. ती पाण्यासोबतच घ्यायची. संत्र्याचा, सफरचंदाचा, ग्रेपफ्रूटचा रस सोबत घेतला तर गोळी आतड्यातून कमी शोषली जाते आणि मग "या गोळीने काही होत नाही" म्हणून माणूस परत जुन्याकडे वळतो. आपल्या गावात संत्र्याच्या दिवसांत हे सहज होऊ शकतं, रस प्यायचाच तर गोळीपासून काही तास लांब ठेवावा. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं ॲसिडिटीचं औषधही तसंच अंतर ठेवून. बिलास्टिन २० मिलिग्रॅम असेल तर जेवणाआधी एक तास किंवा नंतर दोन तासांनी.

सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन चालणार असेल तर पहिला डोस सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी घ्यावा आणि दुसऱ्या दिवशी गाडीला हात न लावता पाहावं.

नाक गळण्यापेक्षा चोंदणंच जास्त असेल तर कुठलीही अँटीहिस्टामिन अर्धवटच पडते. तिथे फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनचा नाकातला स्टिरॉइड स्प्रे जास्त चालतो, त्याने झोप येत नाही, फक्त पूर्ण असर दिसायला काही दिवस ते दोन आठवडे रोज मारावा लागतो आणि नळी नाकाच्या मधल्या पडद्याकडे नाही, बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने धरायची, नाहीतर पडदा सुकून रक्त येतं.