त्र्यंबकची आज्ञा, नेवाशाची ओवी

पौष वद्य एकादशी जवळ आली की नाशिकच्या रस्त्यांवर त्र्यंबककडे निघालेल्या दिंड्या दिसू लागतात. ही यात्रा निवृत्तिनाथांची. ज्ञानेश्वरांचे हे थोरले भाऊ आणि गुरूही. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाट चुकलेला निवृत्ती गहिनीनाथांच्या गुहेत शिरला आणि तिथे त्याला उपदेश मिळाला, अशी परंपरेतली कथा आहे. मराठीत धर्म सांगण्यामागचे कारण शोधायचे तर याच गुरुपरंपरेपासून सुरुवात करावी लागते.

ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटी ज्ञानेश्वर ते कारण स्वतःच सांगतात. आदिनाथ शंकरापासून चालत आलेला बोध घेऊन कलीने गिळलेल्या जीवांच्या मदतीला धाव, अशी आज्ञा गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना दिली. त्या आज्ञेतून पुढे गीतेची मराठी टीका झाली. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला ज्ञानेश्वरांनी ती सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी उतरवून घेतली.

याच अध्यायात त्यांनी वेदांवर एक आक्षेप घेतला आहे. आजही तो वाचताना थबकायला होते:

वेदु संपन्नु होय ठाईं ।
परी कृपणु ऐसा आनु नाहीं ।
जे कानीं लागला तिहीं ।
वर्णांच्याचि ॥

वेद श्रीमंत खरा, पण त्याच्याइतका कंजूष दुसरा कोणी नाही. तो तीनच वर्णांच्या कानाला लागला. स्त्रिया आणि शूद्र बाहेरच राहिले. पुढच्याच ओव्यांत ज्ञानेश्वर म्हणतात की हे उणे भरून काढण्यासाठी, कोणालाही सेवन करता यावे म्हणून, वेदच गीता होऊन आला. वेदाला नाकारायचे नाही, पण त्याचा चिक्कूपणा उघड सांगायचा, असा हा पवित्रा आहे. संन्यासातून पुन्हा संसारात आलेल्या बापाची मुले म्हणून वाळीत पडलेल्या भावंडांपैकी एकाने तो घेतला, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

पण गीता संस्कृतात होती. तिचे ७०० श्लोक मराठीत सुमारे ९००० ओव्यांचे झाले, म्हणजे एका श्लोकामागे बारा-तेरा ओव्या. हे नुसते भाषांतर नाही. नवव्या अध्यायातला ३२ वा श्लोक घ्या. स्त्रिया, वैश्य आणि शूद्र माझा आश्रय घेऊन परम गतीला जातात, असे तिथे कृष्ण म्हणतो. ज्ञानेश्वर त्या विवेचनात लिहितात:

तंवचि वहाळ वोहळ ।
जंव न पवती गंगाजळ ।
मग होऊनि ठाकती केवळ ।
गंगारूप ॥

ओहोळ हा ओहोळ कधीपर्यंत? गंगेला मिळेपर्यंत. गोदावरीला गंगाच म्हणणाऱ्या आणि नासर्डी, वाघाडी तिच्यात मिसळताना पाहणाऱ्या नाशिककराला याचा अर्थ सांगावा लागत नाही. ओवीची घडणही बघा: पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि मोकळा. ऐकणाऱ्याला पाठ करायला हे सोपे जाते, आणि ज्याला अक्षरओळख नाही त्याचा ग्रंथ त्याच्या पाठांतरातच असतो. दोन ओव्यांनंतर ‘क्षत्री वैश्य स्त्रिया । कां शूद्र अंत्यादि इया’ अशी यादी येते. मूळ श्लोकात नाव घेऊन न सांगितलेले अंत्यज इथे नावाने आले आहेत.

पाठांतराने ग्रंथ पसरला आणि पाठांतरानेच बदललाही. जो तो आपली ओवी घालू लागला, शब्द फिरले. अखेर शके १५०६ मध्ये (१५८४) पैठणच्या एकनाथांनी प्रत शुद्ध केली. ज्ञानेश्वरीत आपली ओवी घालणारा अमृताच्या ताटात नरोटी ठेवतो, अशी ताकीदही त्यांनी देऊन ठेवली. एवढी ताकीद द्यावी लागली, यावरूनच ग्रंथ किती तोंडांत गेला होता ते कळते.

मात्र ऐकायला मिळणे वेगळे आणि देवळात जाता येणे वेगळे. ज्ञानेश्वरांच्या पुढच्याच काळातले मंगळवेढ्याचे चोखोबा अभंग रचत होते, ते अभंग वारकरी गात होते, तरी त्यांना विठ्ठलाच्या देवळाचा उंबरठा बंद होता. ‘धांव घाली विठू आता चालू नको मंद । मज मारिती बडवे’ ही त्यांचीच हाक. त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वारासमोर, म्हणजे देवळाच्या बाहेर आहे. मराठी ओवीने कान उघडले, पण दाराची कडी पुजाऱ्यांच्याच हातात राहिली. नाशिकला तर तीच कडी काढायला लावण्यासाठी २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू करावा लागला. नेवाशाच्या त्या ओव्यांना तेव्हा ६४० वर्षे झाली होती.