विज्ञानाचं तत्त्वज्ञान पहिल्यांदा वाचताना: चार पुस्तकं आणि दोन ग्रह

सुरुवात समीर ओकाशांच्या 'फिलॉसॉफी ऑफ सायन्स: अ व्हेरी शॉर्ट इंट्रोडक्शन'ने करा. छोटं आहे, गणित लागत नाही. त्यातला अनुमानावरचा चॅप्टर मात्र सावकाश वाचा, कारण अठराव्या शतकातल्या तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमचा प्रश्न तिथे येतो: आजवर असं घडलं म्हणून उद्याही तसंच घडेल हे कशावरून? 'आजवरचा अनुभव आहे ना' म्हणालात तर जे सिद्ध करायचंय तेच आधी धरून चाललात.

मग तत्त्वज्ञ कार्ल पॉपर. 'कंजेक्चर्स अँड रेफ्युटेशन्स' जाडजूड आहे, पण सध्या पहिला निबंध पुरे. म्हणणं असं की सिद्धांत वैज्ञानिक असेल तर कोणती गोष्ट दिसली की तो खोटा ठरेल हे सांगता यायला हवं. वाचताना एकदम पटतं, आणि इथेच थांबलात तर घोटाळा होतो.

का, ते बघा. युरेनस न्यूटनच्या गणितानुसार चालत नव्हता. म्हणून न्यूटन खोटा ठरला का? नाही, फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ लव्हेरिएने धरलं की पलीकडे एखादा न दिसलेला ग्रह असणार, त्याची जागा गणिताने काढली, आणि १८४६ मध्ये बर्लिनला गालेने दुर्बीण लावली तर त्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला! पुढे बुधाची कक्षा न्यूटनच्या गणितापेक्षा शतकाला साधारण ४३ विकला, म्हणजे एका अंशाचा जेमतेम ऐंशीवा भाग, जास्त सरकते असं दिसलं. लव्हेरिएने १८५९ मध्ये तीच युक्ती केली, सूर्याजवळ आणखी काहीतरी असणार म्हणाला, त्या ग्रहाला व्हल्कन नावही पडलं, लोकांनी अनेक वर्षं शोधला, पण तो नव्हताच. १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या सिद्धांतातून तो फरक बरोबर निघाला.

दोन्ही वेळा वागणूक सारखीच, मग एकदा शहाणपणा आणि एकदा चूक कशी? हा प्रश्न घेऊन तिसरं पुस्तक उघडा, अॅलन चाल्मर्सचं 'व्हॉट इज धिस थिंग कॉल्ड सायन्स?'. माझ्या मते यादीतलं सगळ्यात उपयोगी हेच. एकटा सिद्धांत कधीच तपासला जात नाही, सोबत ग्रह किती, दुर्बीण कशी अशी बरीच गृहीतकं असतात, त्यामुळे चूक नेमकी कुठे हे निरीक्षण सांगत नाही, हा फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ ड्युएमचा मुद्दा त्यात येतो. तत्त्वज्ञ लाकातोशचं उत्तरही येतं: नवं गृहीतक जोडल्यावर त्यातून नवं भाकीत निघून खरं ठरतंय का बघा. नेपच्यूनचं ठरलं, व्हल्कनचं नाही. अडचण एवढीच की किती वर्षं वाट बघून सोडून द्यायचं हे लाकातोशही सांगत नाही.

शेवटी थॉमस कूनचं 'द स्ट्रक्चर ऑफ सायंटिफिक रिव्होल्युशन्स' (१९६२). विसंगती दिसली तरी शास्त्रज्ञ लगेच सिद्धांत टाकत नाहीत, तशा अडचणी साठत जातात आणि पर्याय हाताशी आला की मगच बदल होतो, हे त्यात आहे. मागे १९६९ चा उपसंहार असलेलीच आवृत्ती घ्या, कारण पॅराडाइम, म्हणजे शास्त्रज्ञ ज्या चौकटीत काम करतात ती, हा शब्द मूळ पुस्तकात कून बऱ्याच अर्थांनी वापरतो आणि तिथे तो स्वतः त्याचे दोन मुख्य अर्थ वेगळे करून देतो.