शेजारच्या दुकानाचा भाव: वहीपासून वेबपेजपर्यंत

नवी पेठेत काकांचं टॉवेल-चादरीचं दुकान आहे, तिथे पूर्वी दर सोमवारी एक पोरगा बाजारात चक्कर मारून यायचा आणि कोण काय भावाने विकतंय ते वहीत लिहायचा. आता निम्मं गिऱ्हाईक मोबाईलवर भाव बघूनच दुकानात येतं, त्यामुळे ती चक्कर मी काकांसाठी प्रोग्रामने वेबपेजवर मारतो.

हे काम जुनं आहे बरं का. 1995 मध्ये अँडरसन कन्सल्टिंगने बार्गेनफाइंडर नावाचा प्रोग्राम काढला, तो ऑनलाइन दुकानांतून गाण्यांच्या सीडीचे भाव गोळा करून शेजारी शेजारी दाखवायचा. काही दुकानांनी त्याला लगेच दार बंद केलं, कारण नुसत्या भावावर तुलना त्यांना नको होती. त्याच्या एक वर्ष आधी मार्टाइन कोस्टरने `robots.txt` नावाची फाइल सुचवली होती, म्हणजे कुठल्या पानांवर बॉटने, आपोआप पानं वाचणाऱ्या प्रोग्रामने, येऊ नये ते साइटवाला तिच्यात लिहून ठेवतो. ते कुलूप नाही, विनंती आहे, पण मी ती पाळतोच.

सुरुवातीला प्रोग्राम पानावरचा आकडा जागेवरून ओळखायचे, आणि साइटचं डिझाइन बदललं की विक्रीच्या भावाऐवजी काट मारलेली एमआरपीच उचलली जायची. 2011 मध्ये गूगल, बिंग आणि याहूने मिळून schema.org आणलं, म्हणजे पानावरची माहिती प्रोग्रामला कळेल अशा ठरलेल्या नावांनी लिहायची पद्धत, आणि मग बरीच दुकानं पानातच भाव असा लिहायला लागली:

```
"price": "1095",
"priceCurrency": "INR",
"availability": "https://schema.org/InStock"
```

काम सोपं झालं, तरी हा आकडा कधी कधी शिळा असतो, आणि पिनकोडनुसार किंवा कूपन लावून बदलणारा भाव यात दिसत नाही, म्हणून दर आठवड्याला पाच-सहा पानं मी स्वतः डोळ्याने बघतो. एकाच साइटवरच्या सगळ्या वस्तूंचे भाव एका दिवसात एकदम बदलले तर मी आधी आमचं वाचन चुकलं असं धरतो, बाजार हलला असं नाही.

पण खरी चूक मोजमापात होते. एका दुकानाने सहा टॉवेलचा पॅक 1,194 ला ठेवला होता, पुढच्या आठवड्यात तेच पान 1,095 दाखवायला लागलं. आमच्या यादीत "99 ने स्वस्त" असं आलं आणि काका आपलाही भाव उतरवायला निघाले. पान नीट उघडलं तर पॅक पाचचा झालेला! म्हणजे आधी नगाला 199, आता 219, वीस रुपयांनी महागच. तेव्हापासून पॅकमधले नग आणि टॉवेलची साइज वेगळ्या रकान्यात लिहितो, हिशोब नगावर करतो, आणि माल संपलेला असेल तर तो भाव तुलनेत धरत नाही.

सोमवारी काकांना आता तीनच ओळी जातात, नगाला भाव कुणी वाढवला, कुणी उतरवला आणि कुणाचा माल संपलाय, आणि प्रत्येक ओळीपुढे त्या पानाचा त्या दिवशीचा स्क्रीनशॉट असतो.