मोठ्या माणसांचं झोपेत चालणं

रात्री अकराला झोपलेला माणूस साडेबाराच्या सुमारास उठून बसतो. डोळे उघडे, नजर मात्र कुठेच ठरलेली नाही. उठून दाराशी जातो, कडी काढतो. बायकोने विचारलं तर काहीतरी पुटपुटतो. सकाळी यातलं त्याला काहीही आठवत नाही, फार तर एखादं तुटक चित्र. लहान मुलांमध्ये हे बऱ्याचदा दिसतं आणि वयात येईपर्यंत बहुतेकांचं थांबतं. मोठ्यांमध्ये ते साधारण शंभरात एक-दोघांना होतं. चाळिशीत ते पहिल्यांदाच सुरू झालं असेल तर त्यामागे काहीतरी कारण असतं आणि ते शोधावं लागतं.

वेळेकडे नीट लक्ष द्या, निदानाचं अर्धं काम तीच करते. झोप लागल्यावर पहिल्या एक ते तीन तासांत आपली सर्वांत गाढ झोप होते. स्वप्नांची झोप मुख्यतः पहाटेकडे असते. झोपेत चालण्याचे प्रकार बहुतेक वेळा या पहिल्या भागात होतात, म्हणजे तो माणूस स्वप्नातलं काही करून दाखवत असतो असं सहसा नसतं. गाढ झोपेतून मेंदूला जाग येऊ लागते, पण ती अर्ध्यावर अडते. स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी 2000 साली एका तरुणाच्या मेंदूतला रक्तपुरवठा नेमका तो झोपेत चालत असताना टिपला. हालचाल आणि भावनांशी जोडलेले काही भाग जागे होते, विचार करणारा, सारासार पाहणारा पुढचा भाग मात्र झोपेतच होता. म्हणूनच हा माणूस जिना उतरू शकतो, पण आपण कुठे चाललो आहोत याचं भान त्याला नसतं.

असं घडायला दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात. एक, झोप नेहमीपेक्षा जास्त गाढ व्हावी. दोन, त्या गाढ झोपेला कशाने तरी धक्का बसावा. मूळची प्रवृत्ती बऱ्याचदा घराण्यातून आलेली असते. आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणीतरी लहानपणी चालत असे, हे विचारलं की कळतं. मॉन्ट्रियलच्या प्रयोगशाळेत झोपेत चालणाऱ्या दहा जणांना गाढ झोपेत मुद्दाम आवाज ऐकवले गेले. नेहमीसारखी झोप झालेली असताना तिघे जण उठले. पंचवीस तास जागं ठेवून झोपवल्यावर दहाच्या दहा जणांना असा प्रकार झाला. ज्यांना मुळात ही सवय नव्हती त्यांच्यातलं कुणीही उठलं नाही. जागरणाने झोप गाढ झाली, आवाजाने ती हलवली, आणि मेंदू झोप आणि जाग यांच्या मध्ये अडकला.

आता एक कल्पित, पण दवाखान्यात नेहमी दिसेल असं उदाहरण घेऊ. बेचाळीस वर्षांचा गृहस्थ, पुण्याच्या एका कारखान्यात आलटून पालटून शिफ्ट. दोन वर्षांत वजन दहा किलो वाढलेलं. घोरणं इतकं की बायको दुसऱ्या खोलीत झोपायला गेलेली. तीन रात्रपाळ्या करून तो चौथ्या रात्री लवकर झोपतो आणि दीड तासाने स्वयंपाकघरात उभा दिसतो. हे दोन महिन्यांत चार वेळा झालं, चारही वेळा रात्रपाळीनंतरच्या पहिल्या झोपेत. सगळे म्हणतात, टेन्शन आहे. असेलही, पण इथे दोन गोष्टी समोरच आहेत. तीन रात्रींची झोपेची उधारी वसूल करताना गाढ झोप वाढते. आणि घोरताना घसा बंद होऊन श्वास अडतो, तेव्हा मेंदू दर काही मिनिटांनी स्वतःला थोडं जागं करून श्वास सुरू करतो. म्हणजे बाहेरून आवाज यायचीही गरज नाही, धक्का आतूनच बसतो आहे. अशा माणसाला श्वास अडण्याचा आजार निघाला आणि नाकावर मास्क लावून हवेचा दाब देणारं सीपॅप यंत्र नियमित वापरलं, तर पुष्कळदा चालणं आपोआप कमी होतं. त्याला नुसती झोपेची गोळी दिली असती तर घसा आणखी सैल पडून श्वास जास्त अडू शकला असता.

धक्का देणाऱ्या इतर गोष्टी अगदी साध्या असतात: भरलेलं मूत्राशय, पायांची अस्वस्थ वळवळ, ताप, मोबाइलची रिंग, अंगावर हात टाकणारा जोडीदार, अनोळखी खोली. मानसिक ताण आणि तुटपुंजी झोप यांनी जमीन तयार होते. दारूबद्दल तज्ज्ञांचं एकमत नाही, पण ती घोरणं वाढवते आणि झोप तोडते एवढं नक्की, त्यामुळे प्रवृत्ती असलेल्याने संध्याकाळी ती टाळावी.

औषधांचा प्रश्न वेगळा. झोपेसाठी दिलं जाणारं झोल्पिडेम घेऊन लोक उठले, स्वयंपाक केला, गाडी चालवली आणि सकाळी काहीच आठवलं नाही, अशा नोंदी इतक्या जमल्या की अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2019 मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. ही प्रवृत्ती आधी कधीच नसलेल्यांनाही असं होऊ शकतं, आणि पहिल्या गोळीनंतरही. असं एकदाही झालं तर पुढची गोळी घेण्याआधीच डॉक्टरांना फोन करा. असा प्रकार झाल्यावर हे औषध पुढे चालू ठेवायचं नसतं. बऱ्याच दिवसांपासून मोठा डोस चालू असेल तर तो कसा बंद करायचा हे तेच सांगतील. मानसिक आजारांवरची क्वेटियापिन, लिथियम आणि काही नैराश्यविरोधी गोळ्यांनीही चालणं सुरू झाल्याचं नोंदलं आहे. या मात्र स्वतःच्या मनाने थांबवायच्या नाहीत. गोळी कधी सुरू झाली, डोस कधी वाढला आणि पहिला प्रकार कधी झाला, या तीन तारखा एका कागदावर लिहून न्या.

उपचार ठरेपर्यंत घर सुरक्षित करणं आपल्या हातात आहे. सुरुवात उंचीपासून करा. माणसाला खाली, शक्यतो तळमजल्यावर, आणि जमिनीवर गादी घालून झोपवा. दोनमजली पलंग नको, उन्हाळ्यात गच्चीवर झोपणं नको, विशेषतः कठडा कमरेखाली असेल तर. बाल्कनीला ग्रिल असेल तर उत्तम. ग्रिलमधली सरकणारी खिडकी मात्र रात्री कुलूप लावून बंद ठेवा. रात्रीच्या रेल्वे प्रवासात खालचा बर्थ घ्या आणि बरोबरच्या माणसाला सांगून ठेवा. डब्याचा दरवाजा झोपेतल्या माणसालाही उघडता येतो.

दारांच्या बाबतीत एक गंमत आहे. रोज हाताखाली असलेली कडी माणूस झोपेतही सहज काढतो, कारण ती हालचाल हाताच्या अंगवळणी पडलेली असते. म्हणून जुनी कडी मजबूत करण्यापेक्षा नवी कडी अनपेक्षित जागी, दाराच्या अगदी वर किंवा अगदी खाली लावा. ती काढतानाच काही जण जागे होतात. काही होत नाहीत, म्हणून दार उघडताच वाजणारा चुंबकाचा छोटा अलार्म दाराच्या चौकटीला बसवा. तो घरच्यांना जागं करण्यासाठी आहे, त्या माणसाला दचकवण्यासाठी नाही, तेव्हा त्याचा भोंगा तुमच्या खोलीत वाजेल असा प्रकार निवडा. बाहेरच्या दाराला कुलूप लावून किल्ली कुठेतरी दडवून ठेवू नका. आग लागली तर सगळेच अडकतील. किल्ली घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाच्या उशाशी असावी.

स्वयंपाकघरात झोपण्यापूर्वी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा. विळी आणि सुऱ्या कुलपाच्या कपाटात टाका, लायटर उचलून ठेवा. दुचाकी-चारचाकीच्या किल्ल्या खुंटीवर नकोत. पलंगापासून संडासापर्यंतची वाट मोकळी ठेवा: टेबल फॅनची वायर, घडवंची, काचेचं टीपॉय हटवा. वाटेत मंद दिवा असू द्या.

प्रत्यक्ष प्रकार चालू असताना काय करायचं? झोपेत चालणाऱ्याला उठवलं तर तो मरतो ही समजूत खोटी आहे. पण त्याला मागून धरलं, हलवलं, ओरडून अडवलं तर तो गोंधळून ढकलू किंवा मारू शकतो. अशा वेळी इजा होऊ शकते. समोरून किंवा बाजूने, हातभर अंतर ठेवून, हळू आवाजात एकच छोटं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणा: ‘चला, झोपायला चला.’ कोपराला हलका स्पर्श करून पलंगाकडे वळवा. प्रश्न विचारू नका, वाद घालू नका. जिन्यावर किंवा गॅसजवळ असेल तर आधी तिथून दूर न्या. सकाळी चेष्टा करू नका आणि बाधा झाली म्हणून अंगारेधुपाऱ्यात आठवडेही घालवू नका.

झोपेत बरळणं याच्या तुलनेत किरकोळ. ते झोपेच्या कुठल्याही टप्प्यात होतं आणि बहुतेक लोक आयुष्यात कधी ना कधी बरळतात. फ्रान्समध्ये झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सर्वांत जास्त वेळा आलेला शब्द ‘नाही’ होता. बरळताना बोललेलं खरं असतं असं समजून नवऱ्या-बायकोंनी एकमेकांची उलटतपासणी करू नये. नुसतं बरळणं असेल तर तपासणीची गरज नसते. पुरेशी झोप आणि जोडीदाराला कानातले बोळे एवढं पुरतं.

अपवाद एकच, आणि तो महत्त्वाचा. पन्नाशीनंतर कुणी पहाटेकडे ओरडू, शिव्या देऊ, हातपाय झाडू लागला, डोळे मिटलेले आहेत, जागं केल्यावर पटकन शुद्धीवर येऊन ‘कुणीतरी मागे लागलं होतं’ असं स्वप्न सांगतो, तर हे झोपेत चालणं नाही. स्वप्नाच्या झोपेत शरीर एरवी लुळं पडतं, तो लगाम इथे सुटलेला असतो. 1986 मध्ये मिनेसोटाच्या डॉक्टरांनी हा आजार वर्णन केला. पुढे अनेक वर्षांनी यातल्या पुष्कळ जणांना पार्किन्सन्स किंवा त्याच जातीचा विस्मरणाचा आजार होतो, त्यामुळे मेंदूविकारतज्ज्ञांकडे नोंद हवी. तिसरा प्रकार फिटचा: एकाच रात्री अनेकदा, दोन मिनिटांपेक्षा कमी वेळ, प्रत्येक वेळी हुबेहूब त्याच हालचाली. तसं दिसलं तर थांबू नका.

बाकी कधी जायचं? मोठेपणी पहिल्यांदाच सुरू झालं, आठवड्यातून एकदापेक्षा जास्त होतं, इजा झाली, माणूस घराबाहेर गेला, रात्री नकळत खातो, किंवा दिवसा पेंगतो आणि घोरतो, यांपैकी एक असलं तरी जावं. बरोबर दोन आठवड्यांची झोपेची वही न्या: झोपण्याची-उठण्याची वेळ, प्रकार किती वाजता झाला, आदल्या रात्री किती झोप झाली, कोणती औषधं घेतली. मोबाइलवर एक चित्रफीतही असावी. डोळे उघडे की मिटलेले आणि शेवटी माणूस कसा शुद्धीवर आला, हे तिच्यात दिसलं पाहिजे. निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

तपासणी म्हणजे निद्रा प्रयोगशाळेत एक रात्र: डोक्यावर, हनुवटीवर, हातापायांवर तारा, श्वासाची नोंद आणि सोबत कॅमेरा. घरी मिळणारं घोरण्याचं छोटं यंत्र बहुधा फक्त श्वास मोजतं, मेंदूच्या लहरी नाही, म्हणून चालण्याच्या निदानाला ते अपुरं. प्रयोगशाळेत त्या रात्री माणूस शांत झोपला तरी अहवाल वाया जात नाही, कारण गाढ झोपेतून पुन्हा पुन्हा अर्धवट जाग येणं आणि श्वास अडणं त्यात दिसतं. श्वासाचं कारण नाकारलं गेल्यावरच मेंदूला शांत करणाऱ्या क्लोनाझेपामसारख्या गोळीचा विचार होतो, तोही प्रकार वारंवार आणि धोकादायक असतील तर.