मनगटातील दबलेला मज्जातंतू आणि रात्रीच्या मुंग्या

रात्री झोपेत बोटांच्या टोकांना मुंग्या येणे, बोटे बधिर होणे आणि हात झटकल्यावर काही मिनिटांत बरे वाटणे, या तक्रारीमागे पुष्कळदा मनगटात दबलेला मज्जातंतू असतो. वैद्यकात या विकाराला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. चाळिशी ते साठीच्या वयात तो जास्त आढळतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक. बोलण्यात ‘नस दबली’ असे म्हटले जात असल्याने अनेकांना रक्तवाहिनी अडली असे वाटते. इथे दबते ती रक्तवाहिनी नव्हे, तर संवेदना वाहून नेणारा मज्जातंतू.

मनगटाच्या तळव्याकडील बाजूला एक अरुंद बोगदा असतो. त्याची जमीन आणि भिंती मनगटाच्या लहान हाडांच्या, तर छत एका जाड, न ताणणाऱ्या पट्ट्याचे. या बोगद्यातून बोटे आणि अंगठा मिटणारे स्नायूंचे ९ दोर म्हणजे कंडरा जातात, आणि त्यांच्यासोबत मीडियन नर्व्ह हा मज्जातंतू. कंडरांवरचे आवरण सुजले तरी बोगदा मोठा होत नाही. आतला दाब वाढतो, आणि कंडरांपेक्षा मऊ असलेला मज्जातंतू त्यात चेपला जातो.

तक्रार रात्रीच का वाढते, याचे उत्तर या दाबातच आहे. मनगट सरळ असताना निरोगी माणसाच्या बोगद्यातला दाब पाऱ्याच्या २ ते ३ मिलिमीटरइतका असतो. विकार झालेल्या मनगटात तो सरळ स्थितीतच ३० च्या आसपास भरतो आणि मनगट पूर्ण दुमडले की ९० च्याही वर जातो. झोपेत आपण नकळत मनगट दुमडून हात उशीखाली किंवा गालाखाली घेतो. दिवसभर पायांत खाली उतरलेला द्रव आडवे झाल्यावर वरच्या अंगात पसरतो, आणि बोटे हलत नसल्याने तो तिथून लवकर निघत नाही. वाढलेल्या दाबाखाली मज्जातंतूला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या मिटतात आणि उपाशी पडलेला मज्जातंतू चुकीचे संदेश पाठवू लागतो. त्या आपल्याला जाणवणाऱ्या मुंग्या. हात झटकला की मनगट सरळ होते, रक्त परत वाहते आणि मुंग्या ओसरतात. ‘रात्री मुंग्या आल्या की काय करता?’ असे विचारल्यावर रुग्णाने न बोलता हात झटकून दाखवला, तर ती निदानातली मोठी खूण ठरते.

दुसरी खूण करंगळीची. मीडियन नर्व्ह अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू यांना संवेदना देतो. करंगळी आणि अनामिकेची उरलेली बाजू दुसऱ्या मज्जातंतूकडे असते, आणि तो या बोगद्यातून जात नाही. म्हणून खरा कार्पल टनेल असेल तर करंगळी जागी राहते. तळव्याच्या अंगठ्याखालच्या उंचवट्यावरची त्वचाही सहसा बधिर होत नाही, कारण तिची शाखा बोगद्याच्या अलीकडेच वेगळी झालेली असते.

सांगली जिल्ह्याच्या द्राक्षपट्ट्यात दिसू शकेल असे एक नमुन्याचे उदाहरण घेऊ. तासगावकडची पंचेचाळिशीची एक बाई ऑक्टोबर छाटणीच्या टोळीत कात्री चालवते. पुढे घडांची विरळणी येते, तीही कात्रीनेच. घरी सकाळ-संध्याकाळ धार काढणे आहेच. जोर लावून पुन्हा पुन्हा मूठ आवळणे आणि त्याच वेळी मनगट वाकडे असणे, हे या विकाराला पोषक. महिनाभर ती रात्री दोनच्या सुमारास उठून बसते. आधी तिने तेल चोळले, गरम पाण्यात हात धरला, मग कुणी मानेचा मणका सांगितला, कुणी साखर. तपासताना ती म्हणते, “सगळीच बोटं मुंग्यांनी भरत्यात.” इथे घाई करू नये. बहुतेक रुग्ण आधी असेच सांगतात. डोळे मिटायला लावून कापसाने एकेक बोट स्पर्शले की ती स्वतःच म्हणते, “करंगळीला बरोबर लागतंय की.” अनामिकेच्या दोन बाजूंत तिला फरक कळतो.

मग दोन्ही हातांचे पालथे पंजे एकमेकांना टेकवून, बोटे खाली ठेवून मनगटे दुमडायची आणि ६० सेकंद थांबायचे. जॉर्ज फॅलेन या अमेरिकन शल्यचिकित्सकाच्या नावाने ही चाचणी ओळखली जाते. या बाईला २५ व्या सेकंदाला मधल्या बोटात ओळखीच्या मुंग्या येतात. चाचणी पूर्ण भरवशाची नाही. काही निरोगी माणसांनाही त्यात मुंग्या येतात आणि काही रुग्णांना येत नाहीत. म्हणून ती एकटी न पाहता बोटांच्या नकाशासोबत पाहायची. मज्जातंतूची विद्युत तपासणीही अगदी सुरुवातीच्या काळात नॉर्मल येऊ शकते.

कारण फक्त काम मानून थांबणेही चुकीचे. थायरॉईड मंदावणे, मधुमेह, संधिवात, वाढलेले वजन आणि गरोदरपणाचे शेवटचे महिने यांतही बोगदा अरुंद पडतो, म्हणून थायरॉईड आणि साखर तपासून घ्यावी. गरोदरपणातला त्रास बहुधा बाळंतपणानंतर ओसरतो. करंगळीकडच्या मुंग्या बहुतेकदा कोपरातून येतात. मान हलवल्यावर खांद्यापासून कळ उतरत असेल तर मानेकडे पाहावे. दोन्ही पायांच्या तळव्यांपासून सुरू झालेला बधिरपणा मधुमेहाचा किंवा बी-१२ च्या कमतरतेचा असू शकतो. त्वचेवर बधिर चट्टा दिसला तर कुष्ठरोगाची तपासणी टाळू नये. हात अचानक लुळा पडणे, तोंड वाकडे होणे किंवा बोलणे अडखळणे ही मात्र मेंदूच्या झटक्याची लक्षणे आहेत. तेव्हा लगेच रुग्णालय गाठावे.

या बाईला पहिला उपाय मिळतो तो रात्री मनगट सरळ धरून ठेवणारा पट्टा, निदान ६ आठवडे. त्यात एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. दुकानातल्या अनेक पट्ट्यांतली धातूची पट्टी मनगट मागे वाकवून धरते, आणि मागे वाकवलेल्या मनगटातही दाब वाढतो. ती पट्टी काढून हाताने सरळ करावी व पुन्हा घालावी. पट्टा इतका आवळू नये की बोटे सुजतील. पंधरवड्यात तिची झोप सलग होते, आणि छाटणीत ती कात्रीची धार वेळेवर लावून घेते, कारण बोथट कात्रीला मूठ जास्त आवळावी लागते. पट्ट्याने भागले नाही तर मनगटात स्टिरॉईडचे इंजेक्शन देतात. त्याचा आराम काही आठवडे ते काही महिने टिकतो, पण पुष्कळांना त्रास परत होतो.

वाट कुठवर पाहायची, हे अंगठा सांगतो. सुरुवातीला मुंग्या येतात-जातात. दाब टिकला तर बधिरपणा दिवसाही राहतो, ब्लाउजचे हूक लावताना बोटे चाचपडतात, सुई हातातून निसटते. शेवटी अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा सपाट होतो. दोन्ही तळवे शेजारी धरून पाहिले की हा फरक नजरेला दिसतो. या टप्प्यावर पट्ट्यात महिने घालवणे म्हणजे मज्जातंतू गमावणे. शस्त्रक्रियेत हात तेवढा बधिर करून बोगद्याच्या छताचा पट्टा कापतात. रात्रीच्या मुंग्या बहुधा काही दिवसांतच थांबतात. तळव्याच्या बुडाशी दुखणे आणि पकड कमी असणे मात्र काही महिने राहू शकते, त्यामुळे द्राक्षाच्या कामावरच्या माणसाने तारीख ठरवताना पुढची छाटणी कधी आहे हे डॉक्टरांना सांगावे. उंचवटा पूर्ण वाळून गेलेला असेल, तर दाब काढूनही अंगठ्याचे बळ पहिल्यासारखे परत येईलच असे नसते.