कंपनीच्या खात्यातून घरच्यांना पैसे देण्याआधी

आमच्या कार्यालयात दर एप्रिलमध्ये तोच प्रसंग घडतो. लेखापरीक्षणासाठी बँकेचे उतारे समोर येतात. त्यात ऑगस्टमध्ये संचालकाच्या भावाच्या नावे एक मोठी रक्कम गेलेली दिसते आणि 30 मार्चला तीच परत आलेली असते. विचारले की उत्तर ठरलेले असते: "आले ना परत? मग अडचण काय?"

अडचण ऑगस्टमधली आहे. कंपनी कायदा 2013 च्या कलम 185 प्रमाणे कंपनीला आपल्या संचालकाला, त्याच्या नातेवाइकाला, किंवा यांपैकी कोणी भागीदार असलेल्या फर्मला कर्ज देता येत नाही. अशा व्यक्तीने दुसरीकडून घेतलेल्या कर्जाला हमी किंवा तारणही देता येत नाही. पैसे खात्यातून बाहेर पडले त्या दिवशीच कलम मोडले जाते. मार्चमध्ये परत आल्याने ताळेबंदातली बाकी शून्य होते, पण ऑगस्टची नोंद उताऱ्यात राहतेच. ती पुसा, 'आगाऊ रक्कम' म्हणून दाखवा किंवा मागची तारीख घालून ठराव लिहा, असे कोणी सांगितले तर आम्ही ते करत नाही. यावरून काही ग्राहक नाराज झाले आहेत, तरीही आमचे उत्तर तेच आहे. कंपनीला या चुकीचा दंड किमान 5 लाख आणि कमाल 25 लाख रुपये आहे. जबाबदार अधिकारी आणि पैसे घेणारी व्यक्ती या दोघांनाही तेवढाच दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे ज्या भावाला मदत करायची होती, तोच यात अडकतो.

"पण आमची प्रायव्हेट लिमिटेड आहे, आम्हाला सूट आहे." हे वाक्य आम्ही सर्वांत जास्त ऐकतो, आणि सर्वांत जास्त वेळही यातच जातो. 5 जून 2015 च्या अधिसूचनेने खासगी कंपन्यांना सूट दिली हे खरे आहे, पण तिला अटी आहेत आणि त्या सगळ्या एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. कंपनीच्या भागभांडवलात दुसऱ्या कोणत्याही कंपनीचा पैसा नसावा. बँका, वित्तसंस्था आणि इतर कंपन्यांकडून घेतलेले कर्ज भरणा झालेल्या भागभांडवलाच्या दुपटीपेक्षा किंवा 50 कोटींपेक्षा, यांत जे कमी असेल त्यापेक्षा, कमी असावे. व्यवहाराच्या दिवशी त्या कर्जाची परतफेड थकलेली नसावी. 2017 मध्ये आणखी एक अट आली. ताळेबंद आणि वार्षिक विवरण, म्हणजे AOC-4 आणि MGT-7, रजिस्ट्रारकडे भरण्यात कसूर झालेली असेल तर सूट मिळत नाही.

लोकांच्या लक्षात 50 कोटी राहतात आणि 'जे कमी असेल ते' विसरले जाते. आपल्याकडच्या बहुतेक कौटुंबिक कंपन्या 1 लाख किंवा 5 लाख भांडवलावर सुरू होतात आणि ते भांडवल पुढे वाढतच नाही. 1 लाख भांडवल असेल तर मर्यादा 2 लाखांची. गाडीच्या कर्जानेही ती ओलांडली जाते आणि सूट संपते.

एक उदाहरण घेऊ. नवरा-बायको दोघेच संचालक आणि दोघेच भागधारक. भरणा भांडवल 5 लाख, बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा 40 लाख. धाकट्या भावाला फ्लॅटच्या बुकिंगसाठी 12 लाख हवे आहेत आणि चालू खात्यात तेवढे पडून आहेत. इथे दुप्पट भांडवल 10 लाख आणि बँकेचे कर्ज 40 लाख, म्हणजे सूट नाही. भाऊ कायद्याच्या व्याख्येत नातेवाईक आहे, म्हणून त्याला कर्जही नाही. कॅश क्रेडिटची बाकी त्या दिवशी 8 लाखच असेल तरी आम्ही मंजूर मर्यादा धरूनच हिशोब करतो. बाकी रोज हलते आणि कोणत्या दिवशी रेष ओलांडली ते नंतर सिद्ध करत बसावे लागते. ही पद्धत काहींना जास्त कडक वाटते, पण आजवर ती ग्राहकाच्याच उपयोगी पडली आहे.

आता याच कंपनीचे खातेवही उघडा. सुरुवातीच्या अडचणीच्या वर्षांत नवऱ्याने स्वतःचे 9 लाख कंपनीत घातलेले आहेत आणि ते 'संचालकाकडून असुरक्षित कर्ज' म्हणून देणे दिसते. मग कंपनीने त्याचे 9 लाख त्याला फेडावेत आणि त्याने आपल्या खात्यातून भावाला द्यावेत. हे कर्ज देणे नाही, देणे फेडणे आहे, आणि कलम 185 चा याच्याशी संबंध नाही. फक्त आधी बँकेचे मंजुरीपत्र वाचा. कर्ज चालू असेपर्यंत संचालकांचे पैसे काढायचे नाहीत, अशी अट त्यात पुष्कळदा असते. उरलेले 3 लाख मानधन किंवा लाभांश म्हणून, कर भरून, काढता येतात. कर जातो हे खरे, पण पैसा स्वतःचा होतो आणि तो कोणालाही देता येतो.

नातेवाईक म्हणजे कोण, हेही बरेचदा विचारले जाते. पती-पत्नी, आई-वडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण आणि हिंदू अविभक्त कुटुंबाचे सदस्य. सावत्र आई-वडील, सावत्र मुलगा आणि सावत्र भावंडेही त्यात येतात. मेहुणा किंवा सासरे या यादीत नाहीत. तरी मेहुण्याच्या खात्यात टाकून पुढे बहिणीकडे वळवलेला पैसा आडमार्गाने दिलेलेच कर्ज ठरतो. कलमात 'प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष' असे शब्द आहेत. पत्नीच्या मालकीचे दुकान म्हणजे पत्नीच. वेगळ्या नावाच्या पाटीने फरक पडत नाही.

हमीच्या बाबतीत जास्त सावध राहा, कारण तिथे पैसा हलत नाही आणि म्हणून कोणाला काही वाटत नाही. मुलाच्या शैक्षणिक कर्जासाठी बँक कंपनीचा गाळा तारण मागते, संचालक सही करून येतात आणि आम्हाला ते गाळ्यावरचा बोजा दिसल्यावर कळते.

तुमच्याच दुसऱ्या प्रायव्हेट कंपनीला पैसे द्यायचे असतील तर मात्र वाट आहे. सर्वसाधारण सभेत पूर्ण तपशिलासह विशेष ठराव करावा लागतो, आणि घेणाऱ्या कंपनीने ती रक्कम तिच्या मुख्य व्यवसायासाठीच वापरावी लागते. ठराव आधी, पैसे नंतर.

आणि सूट खरोखर मिळत असली तरी काम संपत नाही. कलम 186 नुसार संचालक मंडळाच्या सभेत ठराव हवा आणि व्याजही आकारायला हवे. शिवाय घेणाऱ्या भागधारकाकडे 10 टक्के किंवा अधिक मताधिकार असेल तर साठलेल्या नफ्याच्या मर्यादेपर्यंत ती रक्कम आयकरात लाभांश मानली जाते. कंपनी कायद्यात चालले म्हणजे आयकरातही चालले, असे नाही.

म्हणून रक्कम पाठवण्यापूर्वी किंवा हमीपत्रावर सही करण्यापूर्वी आम्हाला तीन गोष्टी पाठवा: बँकेचे चालू मंजुरीपत्र, आजची भागधारकांची यादी, आणि पैसे कोणाला व कशासाठी हवेत याच्या दोन ओळी. विवरणपत्रांच्या पावत्या आमच्याकडे असतातच. या तपासणीसाठी आम्ही वेगळे शुल्क घेत नाही. भांडवल वाढवणे, विशेष ठराव किंवा मानधनाची फेररचना करायची ठरली तर तिचा खर्च आधी लेखी कळवतो आणि होकार आल्यावरच काम सुरू करतो.