तीस सेकंद, एक खुर्ची: घरच्या ज्येष्ठांच्या पायांत किती ताकद आहे ते कसं बघायचं

पायांतली ताकद कमी होते तेव्हा माणूस नकळत जुळवून घेतो. जमिनीवर बसून जेवणं बंद होतं, उठताना टेबलाच्या कडेला हात जातो, रंकाळ्यावर फिरायला गेल्यावर कठड्याची उंच जागा बघूनच बसलं जातं. रोजचं सगळं चालू असतं, म्हणून घरच्यांनाही वावगं वाटत नाही. आमच्या फिजिओथेरपी केंद्रात साठीच्या पुढचं कुणीही आलं, की तक्रार खांद्याची असो वा कंबरेची, आम्ही आधी ही एक चाचणी घेतो. ती तुम्हाला घरीही घेता येते, पण नीट घेतली तरच. म्हणून हे पत्रक.

चाचणी एवढीच आहे: हात छातीवर घडी करून, तीस सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजायचं. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, फुलर्टन इथल्या जेसी जोन्स आणि रॉबर्टा रिकली यांनी सहकाऱ्यासोबत 1999 मध्ये ती मांडली. त्याआधी पाच किंवा दहा वेळा उठबस करायला किती वेळ लागतो ते मोजत. त्यात अडचण अशी, की फार अशक्त माणसाला पाच उठबशा पुऱ्याच होत नाहीत आणि कागदावर काहीच लिहिता येत नाही. तीस सेकंदांच्या पद्धतीत तीनच वेळा उठता आलं, तरी तीन हा आकडा हातात राहतो आणि पुढे त्याच्याशी तुलना करता येते.

खुर्ची कोणती?

सगळा घोळ इथे होतो. बैठकीची उंची जमिनीपासून 43 सेंटिमीटर, म्हणजे 17 इंच हवी. शिवणकामाची टेप लावून बघा. खुर्ची पाठीची, बिनहातांची आणि कडक बैठकीची असावी आणि मागून भिंतीला टेकवलेली असावी. सोफा चालत नाही, त्यात माणूस रुततो. प्लॅस्टिकची खुर्चीही नको. ती वजनाने वाकते आणि गुळगुळीत फरशीवर मागे सरकते. बैठक चार-पाच सेंटिमीटरने उंच असली तरी उठणं बरंच सोपं होतं आणि आकडा फुगतो. उंच माणसाला हीच खुर्ची जास्त अवघड जाते, हेही ध्यानात असू द्या.

बैठकीच्या मध्यावर बसायचं. पावलं खांद्याइतक्या अंतरावर, जमिनीला पूर्ण टेकलेली आणि गुडघ्यांच्या किंचित मागे. मनगटं एकमेकांवर ठेवून हात छातीशी. चपला काढून ठेवा, पायमोजेही नकोत. साडी नेसलेल्या आजींच्या निऱ्या पुढे झुकताना पायाखाली येतात, त्या आधी थोड्या वर खोचून घ्या. एकदा सावकाश उठून बसून दाखवायला सांगा, मग मोबाइलवर तीस सेकंद लावून ‘सुरू’ म्हणा. मोजणाऱ्याने खुर्चीच्या बाजूला, हात पोहोचेल इतकं जवळ उभं राहायचं.

गुडघे सरळ करून पूर्ण उभं राहिलं तरच एक धरायचं, आणि प्रत्येक वेळी बूड बैठकीला टेकलंच पाहिजे. वेळ संपताना अर्ध्याहून जास्त उठलेलं असेल, तर ते उठणं धरायचं. हाताचा आधार घ्यावाच लागला तर चाचणी थांबवून शून्य लिहायचं. मांडीवर हात दाबून उठणं हासुद्धा आधारच.

अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्य संस्था ज्येष्ठांचा पडण्याचा धोका तपासताना पुढचे आकडे वापरते. तुमचा आकडा यापेक्षा कमी आला, तर वयाच्या मानाने ताकद कमी आहे असं समजतात.

60 ते 64 वर्षं: पुरुष 14, स्त्रिया 12
65 ते 69: पुरुष 12, स्त्रिया 11
70 ते 74: पुरुष 12, स्त्रिया 10
75 ते 79: पुरुष 11, स्त्रिया 10
80 ते 84: पुरुष 10, स्त्रिया 9

हे आकडे तिकडच्या ज्येष्ठांवरून काढलेले आहेत. त्यामुळे एकाने कमी आलं म्हणून घाबरू नका आणि एकाने जास्त आलं म्हणून निर्धास्तही होऊ नका.

एक उदाहरण

मंगळवार पेठेतले एक काका, वय 73. तरुणपणी तालमीत रोज बैठका मारलेले, त्यामुळे पायांबद्दल त्यांना शंकाच नव्हती. घरी मुलाने मोजलं तेव्हा 14 आले. आमच्याकडे 9 आले. फरक कुठून आला ते विचारल्यावर उलगडलं: घरची डायनिंगची खुर्ची, तिच्यावर गादी, आणि दोन्ही हात मांड्यांवर. आमच्या 43 सेंटिमीटरच्या खुर्चीवर, हात छातीशी घेतल्यावर खरा आकडा दिसला.

आकड्यापेक्षा मोलाची गोष्ट मात्र पुढे दिसली. सहाव्या खेपेपासून काका उठताना अंग पुढे झोकून द्यायला लागले आणि बसताना धपकन बसायला लागले. सावकाश खाली बसणं म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूंनी शरीराचं वजन धरून सोडणं. ते स्नायू दमले की शेवटचा वीतभर भाग हातातून निसटतो. हीच ताकद जिना उतरताना लागते, आणि काकांना अडचण तिथेच होती, चढताना नाही.

कमी आकडा नेहमी अशक्तपणाचाच असतो असं नाही. एक पाऊल पुढे ठेवून सगळा भार दुसऱ्या पायावर टाकला जात असेल, तर बहुधा एका गुडघ्यात दुखतं आहे. पाय ठीक चालताहेत पण मधेच थांबून धाप लागते, तर प्रश्न दमाचा असू शकतो. म्हणून मोजणाऱ्याने आकड्याखाली एक ओळ लिहावी: कितव्या खेपेला काय बदललं.

काकांना आम्ही त्यांना नीट जमेल त्या उंचीपासून सुरुवात करून दिली. बैठकीवर घट्ट घडीची चादर ठेवून उंची 48 सेंटिमीटर केली. तिथे हात न लावता आठ वेळा उठणं, आणि बसताना मनात चार आकडे मोजत खाली येणं. थोडी विश्रांती, मग पुन्हा आठ. हे एक दिवसाआड. जमू लागलं की चादरीची एक घडी कमी. दोन महिन्यांनी त्याच खुर्चीवर 12 आले. धपकन बसणं त्याच्याही आधी थांबलं होतं.

घरी कधी घेऊ नये

गुडघ्याचं किंवा खुब्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, छातीत दुखत असेल, किंवा उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. चाचणी चालू असताना चक्कर आली किंवा दुखलं तर तिथेच थांबवा. आकडा काही आठवड्यांतच एकदम घसरला किंवा एकच पाय लुळा पडल्यासारखा वाटला, तर व्यायामाची वाट न बघता डॉक्टरांकडे जा. अचानक एका बाजूचा हात-पाय गळाला, तर थेट हॉस्पिटल गाठा.

पुन्हा मोजताना खुर्ची तीच ठेवा आणि शक्यतो वेळही तीच. सकाळी उठल्या उठल्या अंग आखडलेलं असतं. एकाने फरक पडला तर फार विचार करू नका, दोन-तीनने पडला तर नोंद घ्या. आमच्याकडे येताना कागदावर तारीख, खुर्चीची उंची, आकडा आणि ती एक ओळ लिहून आणा. वयस्कर माणसाला केंद्रापर्यंत येणं जमत नसेल, तर आम्ही टेप घेऊन घरी येतो.